‘नियम ७.३ च्या अधीन राहून’: रजेचं नियमपत्रक पुन्हा लिहिताना

आज बोलायचंय ते खरं तर एकाच वाक्याबद्दल. ते एका कंपनीच्या रजेच्या नियमपत्रकातलं आहे. पडद्यावर दिसतंय, तरी एकदा वाचतो:

‘७.३. नियम ४.१ मध्ये नमूद केलेल्या कर्मचाऱ्यांस, नियम ७.१ अन्वये देय असलेली व न उपभोगलेली अर्जित रजा, नियम ९ (ग) च्या अधीन राहून, परिशिष्ट ब मधील मर्यादेपर्यंत पुढील वर्षात नेता येईल.’

वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे. त्यात खोटंही काही नाही. पण वाचून झाल्यावर सांगा, कोणाला, काय आणि किती दिवस? तिन्ही प्रश्नांची उत्तरं या वाक्यात नाहीत. ती दुसरीकडे आहेत, असं फक्त हे वाक्य सांगतं.

आम्ही तिघं मिळून कंपन्यांची नियमपत्रकं, सूचना, अर्जाचे नमुने सोप्या मराठीत लिहून देतो. ही कंपनी घाऊक वितरणाची. पुण्यात ऑफिस, शहराबाहेर दोन गोदामं, सगळी मिळून साधारण दीडशे माणसं. त्यांनी आम्हाला बोलावलं ते ‘भाषा जरा सोपी करून द्या’ एवढ्यासाठीच. बोलावण्याचं निमित्त मात्र एक भांडण होतं, तिथूनच सुरुवात करू.

गोदामात एक स्टोअरकीपर होते. आपण त्यांना नुसतं दादा म्हणू. एकतीस डिसेंबरला दादांच्या खात्यावर ४१ दिवस अर्जित रजा जमा होती. म्हणजे ज्याला आपण ऑफिसात पीएल म्हणतो ती. दादांनी ती जपून ठेवली होती, कारण गावी वडील थकलेले. जानेवारीत वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. दादा गावी गेले आणि कामाचे ३७ दिवस रजेवर राहिले. खात्यात ४१ आहेत, आपण ३७ घेतले, चार उरले, असा त्यांचा हिशेब. फेब्रुवारीची पगाराची स्लिप आली तेव्हा सात दिवस बिनपगारी दाखवले होते. एचआरचं म्हणणं, तुमचे अकरा दिवस एक जानेवारीलाच बुडाले, नियम ७.३ वाचा. दादांनी तो वाचला होता. त्यावरून काही कळलं नाही म्हणून ऑफिसातल्या मित्राला विचारलं होतं आणि मित्र म्हणाला होता, ४५ पर्यंत पुढे जातात. मित्र खोटं बोलला नव्हता. त्याचे खरंच ४५ पर्यंत जात होते.

हे कसं, ते या वाक्यातल्या वाटा एकेक करून चालून गेलं की कळतं. आमच्या कामाची पहिली पायरी तीच. नियमपत्रक पहिल्या पानापासून वाचायला बसायचं नाही. ज्या नियमावरून भांडण झालं तो घ्यायचा, कागदाच्या मधोमध लिहायचा, आणि त्यातला प्रत्येक संदर्भ जिथे नेतो तिथलं वाक्य शेजारी जसंच्या तसं उतरवायचं. तिथे आणखी संदर्भ असेल तर त्याच्याही मागे जायचं. वाट संपेपर्यंत.

तर ४.१ कुठे नेतो? ‘नियम २ (च) नुसार कायम झालेले कर्मचारी.’ मग २ (च) पाहू. ‘ज्यांचा परिविक्षा कालावधी समाधानकारकरीत्या पूर्ण झाला आहे असे.’ समाधान कोणाचं, ते कधी आणि कशावर नोंदवायचं, याचं उत्तर कुठेच नाही. वाट इथे संपते, पण उत्तराशिवाय. प्रोबेशन संपून वर्ष झालं तरी ‘कायम’ असल्याचं पत्रच मिळालं नाही, अशी माणसं त्या कंपनीत होती. ती ४.१ मध्ये येतात की नाही? एचआरच्या दोन माणसांनी आम्हाला दोन उत्तरं दिली.

७.१ सरळ होता: वर्षाला २१ दिवस अर्जित रजा, ३१ डिसेंबरला एकदम जमा.

९ (ग) मात्र गमतीदार. गंमत म्हणायची, ज्याची रजा आहे त्याला ती वाटत नाही. ‘कामाची निकड पाहून नियम ७ खालील कोणतीही सवलत व्यवस्थापन स्थगित करू शकेल.’ म्हणजे ७.३ म्हणतो ९ (ग) च्या अधीन राहून, आणि ९ (ग) म्हणतो सगळा नियम ७ च आम्ही थांबवू शकतो. किती दिवसांसाठी? कोण थांबवणार? थांबवलं तर बुडालेल्या दिवसांचं काय? काही नाही.

आणि परिशिष्ट ब. एक छोटा तक्ता, शेवटच्या पानावर. ‘कार्यालयीन कर्मचारी ४५. गोदाम कर्मचारी ३०.’

दादांचे अकरा दिवस इथे गेले. आता हे ३० आले कुठून? आम्ही विचारत राहिलो, कोणाला आठवेना. शेवटी अकाउंट्समधल्या एका जुन्या गृहस्थांनी सांगितलं की पहिलं नियमपत्रक एका कारखान्याच्या नियमपत्रकावरून उतरवलेलं होतं. मग उलगडा झाला. १९४८ च्या कारखाने अधिनियमात न वापरलेली रजा पुढे नेण्याची मर्यादा ३० दिवसांची होती. पण ही कंपनी कारखाना नव्हतीच. तिला लागू होता महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ सालचा, आणि त्यात साठवण्याची मर्यादा ४५ दिवसांची आहे. ऑफिसचा रकाना मधे कोणीतरी दुरुस्त केला होता. गोदाम म्हणजे कारखान्यासारखंच, अशा समजुतीने दुसरा रकाना तसाच राहिला. मालाची साठवण आणि पाठवणी करणाऱ्या या गोदामाला, तिथल्या स्टोअरकीपरला, तोच दुकाने अधिनियम लागू होता.

हे इतकी वर्षं कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण ‘गोदामातल्या माणसाला ३० दिवसच पुढे नेता येतात’ असं वाक्य त्या कागदात कुठेही लिहिलेलं नव्हतं. होतं ते ‘परिशिष्ट ब मधील मर्यादेपर्यंत’. त्यांचे सल्लागार दरवर्षी नियम नजरेखालून घालत होते. नियमांच्या वाक्यात आकडाच नाही, तर खटकणार काय? आम्ही कच्च्या मसुद्यात तो आकडा वाक्यात ओढून घेतला, बाकी काहीच बदललं नाही, आणि त्याच सल्लागारांनी वाचताना अर्ध्या मिनिटात पेन खाली ठेवलं.

तिथपासून आमचं काम भाषेचं राहिलं नाही, हेही सांगायला हवं. वाक्य नीट लिहायचं तर आधी निर्णय लागतो, आणि तो आम्ही घेऊ शकत नाही. म्हणून आम्ही दोन रंगांच्या पेन्सिली वापरतो. जिथे उत्तर कागदात कुठेतरी आहे, फक्त लांब आहे, तिथे निळी. ते आम्ही जवळ आणतो. जिथे उत्तरच नाही, किंवा दोन उत्तरं आहेत, तिथे लाल. लाल खूण असलेलं वाक्य आम्ही सुंदर करून देत नाही. तो प्रश्न, ज्याला होय-नाही म्हणायचा अधिकार आहे त्याच्यासमोर ठेवतो. या एका नियमात चार लाल खुणा निघाल्या: कायम म्हणजे कोण, गोदामाला ३० का, स्थगित करणारा कोण, आणि मर्यादेच्या वर गेलेल्या दिवसांचं काय होतं.

पहिली खूण कायद्यानेच सुटली. अर्जित रजेसाठी अधिनियमाची अट आहे ती वर्षात २४० दिवस काम केल्याची. ‘कायम’ असण्याची अट तिथे नाही. तेव्हा तो शब्दच गेला, आणि त्याबरोबर ४.१ आणि २ (च) या नियमापुरते गेले. (कायदा दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस देतो. वर्षात २९० दिवस भरले तर साडेचौदाच्या आसपास. कंपनी २१ देत होती, म्हणजे तिथे ती कायद्याच्या पुढेच होती. असंही असतं. एकाच कागदात उदारपणा आणि चूक शेजारी शेजारी.)

तिसऱ्या खुणेवर सगळ्यात जास्त वेळ गेला. वित्तप्रमुखांचं म्हणणं स्पष्ट होतं. ते म्हणाले, ‘तुम्ही सगळं नक्की करून टाकलंत तर आमच्या हातात काय राहिलं? दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात अर्धं गोदाम रजेवर गेलं तर माल कोण पाठवणार?’ प्रश्न खरा आहे. वितरणाच्या धंद्यात तो पंधरवडा म्हणजे वर्षाची कमाई. पण त्यांना हवा होता रजा नाकारण्याचा अधिकार, आणि त्यासाठी मोघमपणा लागत नाही. अधिकारही कोणाला, काय, किती असा लिहिता येतो. मग ९ (ग) च्या जागी हे आलं: ‘गोदाम व्यवस्थापक अर्जित रजेचा अर्ज नाकारू शकतो. त्याने अर्ज मिळाल्यापासून ३ दिवसांत कारण लिहून कळवायचं आहे आणि त्याच ३ महिन्यांतल्या दुसऱ्या तारखा सुचवायच्या आहेत. ३ दिवसांत उत्तर आलं नाही तर रजा मंजूर झाली असं समजावं.’ वित्तप्रमुखांना शेवटचं वाक्य आवडलं नाही. व्यवस्थापकालाही नाही. पण ते राहिलं, कारण ते काढलं की मर्यादा पाळली नाही तर काय, याचं उत्तर पुन्हा नाहीसं होतं.

इथे थोडं थांबू, कारण तीन प्रश्नांपैकी ‘किती’ हा सगळ्यात फसवा आहे. लोकांना वाटतं आकडा लिहिला की मर्यादा झाली. नाही. ‘वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा’ हे घ्या. आकडा आहे. पण वर्ष कुठलं, जानेवारीचं की एप्रिलचं? ऑक्टोबरात नोकरीला लागलेल्याला आठ की दोन? दिवस म्हणजे कामाचा दिवस, की मधला रविवारही धरायचा? आणि नववा दिवस घेतला तर तो नाकारला जातो, बिनपगारी होतो, की अर्जित रजेतून कापला जातो? म्हणून आम्ही आकड्यासोबत आणखी तीन गोष्टी मागतो: काय मोजायचं, कुठपासून कुठपर्यंत मोजायचं, आणि आकडा ओलांडला तर काय. त्यांच्या जुन्या कागदात ‘सलग ३ दिवस’ असं होतं आणि रविवार धरायचा की नाही ते ६.४ मध्ये. शनिवार आणि सोमवार रजा घेतली तर दोन दिवस की तीन? ज्याला सगळे ‘सँडविच’ म्हणतात तो प्रकार. आम्ही नियमातच लिहिलं, ‘मधला रविवार रजेत धरत नाही. शनिवार आणि सोमवार घेतले तर २ दिवस.’ निर्णय कंपनीचा, उदाहरण आमचं.

आता दादांचा नियम. तो शेवटी असा झाला:

‘ऑफिसात किंवा गोदामात, कंपनीच्या पगारपत्रकावर असलेल्या प्रत्येकाला, प्रोबेशनवर असला तरी, न वापरलेली अर्जित रजा पुढच्या वर्षात नेता येते. ३१ डिसेंबरला त्या वर्षाची रजा आधी खात्यात जमा होते, आणि मग मर्यादा पाहिली जाते. मर्यादा ४५ दिवस आहे. ४५ च्या वरचे दिवस १ जानेवारीला रद्द होतात. पण तुम्ही किमान १५ दिवस आधी अर्ज केला होता आणि तो नाकारला गेला, तर त्यामुळे ४५ च्या वर गेलेल्या दिवसांचे पैसे तुम्हाला मिळतात.’

जुनं एक वाक्य होतं, आता पाच आहेत. शेवटची तरतूद आम्ही शोधून काढलेली नाही, ती अधिनियमातलीच आहे. जुन्या कागदात तिचा पत्ताच नव्हता.

‘आधी खात्यात जमा होते, आणि मग मर्यादा पाहिली जाते’ हे वाक्य पहिल्या मसुद्यात नव्हतं. ते चाचणीतून आलं. चाचणी म्हणजे फार काही नाही. नियम छापायचा आणि ज्यांनी तो लिहिण्यात भाग घेतलेला नाही अशा पाच जणांना द्यायचा. त्यात एक जण पगार काढणारा असावा आणि दोघं तरी गोदामातले. ‘समजलं का?’ असं विचारायचं नाही. सगळे हो म्हणतात. त्यांना हिशेब घालायचा. आमचा हिशेब असा होता: एकतीस डिसेंबरला सकाळी खात्यात ३० दिवस आहेत. त्या दिवशी २१ जमा झाले. एक जानेवारीला किती? तिघांनी ४५ सांगितलं, दोघांनी ५१. दोघांनी आधी मर्यादा लावली, ३० काही ४५ पेक्षा जास्त नाहीत, मग २१ मिळवले. मसुद्यात आम्ही लिहिलं होतं ‘३१ डिसेंबरला जास्तीत जास्त ४५ दिवस शिल्लक ठेवता येतात’. त्या वाक्यावरून ५१ हे उत्तर चूक म्हणता येत नाही. आणि ५१ सांगणाऱ्यांत पगार काढणारी व्यक्ती होती, हे विशेष. सहा दिवसांचा फरक, दर माणशी, दर वर्षी.

आता या पद्धतीची किंमत. संदर्भ देण्याची पद्धत मूर्खपणाची नाही, तिच्यामागे विचार आहे: आकडा एकाच जागी ठेवला की बदलताना एकाच जागी बदलावा लागतो. आम्ही तो प्रत्येक नियमात लिहितो, म्हणजे ४५ हा आकडा आता तीन ठिकाणी आहे. रजा पुढे नेणं, रजेचे पैसे घेणं आणि नोकरी सोडताना होणारा हिशेब. तिन्ही ठिकाणी बदलला नाही तर कागद स्वतःशीच भांडतो.

हे आमच्याच हातून घडलं. आजारपणाच्या रजेला डॉक्टरांचा दाखला किती दिवसांनंतर लागतो, हे कंपनीने दोनावरून तीनवर नेलं. आकडा दोन नियमांत होता, आम्ही एकाच नियमात बदलला. दोन महिने कोणाच्या लक्षात आलं नाही, मग एकाचा तिसरा दिवस नामंजूर झाला आणि तो दोन्ही पानं घेऊन एचआरकडे गेला. तेव्हापासून आम्ही नियमपत्रकासोबत एक यादी करून देतो. डावीकडे आकडा, उजवीकडे तो ज्या ज्या नियमांत आहे त्यांचे क्रमांक. संदर्भ आहेतच, फक्त ते एचआरच्या कपाटात आहेत. जो माणूस नियम सांभाळतो त्याने ते सांभाळावेत, जो रजा मागतो त्याने नाही. आणि पहिल्या पानावर एक ओळ: दोन नियमांत दोन आकडे सापडले तर कर्मचाऱ्याच्या फायद्याचा धरला जाईल. या ओळीमुळे यादी ताजी ठेवण्याची घाई कंपनीला असते, कर्मचाऱ्याला नाही.

एक संदर्भ आम्ही ठेवला. ‘लागू कायद्यानुसार’ हा शब्दप्रयोग आम्ही नियमांतून काढला, कारण तो सगळ्यात लांबचा संदर्भ. परिशिष्ट निदान त्याच पुस्तकाच्या मागे असतं. त्याच्याऐवजी कायद्यातला आकडाच लिहिला, खाली तो कोणत्या तारखेला तपासला ते लिहिलं, आणि शेवटी एकदाच: यापुढे कायद्याने जास्त दिलं तर जास्त मिळेल. कायदे बदलतात, त्यामुळे ती तारीख फार कामाची. कागदावर तीन वर्षांपूर्वीची तारीख दिसली की कोणालाही कळतं, आता पुन्हा पाहायला हवं.

वेळ होत आलीय. दोन प्रश्न घेतो.

(श्रोत्यांमधून: याने नियमपत्रक लांबलचक होत नाही का?)

होतं. चौदा पानांची एकोणीस झाली. पण पूर्वी एका प्रश्नाच्या उत्तरासाठी चार पानं चाळावी लागायची, आता एक नियम वाचावा लागतो. रजेचं नियमपत्रक सबंध कोणी वाचत नाही. मुलगी आजारी पडली की ती दोन ओळी शोधत माणूस येतो, बहुतेक वेळा रात्री, मोबाइलवर. कुठल्याही नियमाचा फोटो काढून एकट्याने पाठवला तरी तो पुरा असला पाहिजे, अशीच आमची अट आहे. गोदामात तसेच फोटो फिरतात, आम्ही पाहिलेत.

(श्रोत्यांमधून: त्या दादांचं पुढे काय झालं?)

सात दिवसांचा पगार एप्रिलमध्ये मिळाला आणि उरलेले चार दिवस खात्यात परत आले. पण मग कंपनीला मागे जावं लागलं, कारण ३० ची कात्री गोदामातल्या बाकीच्यांनाही लागली होती. जुनी रजिस्टरं काढली. आणखी तिघं सापडले. एक जण अजून नोकरीत होता, त्याचे दिवस जमा केले. दोघं सोडून गेले होते. त्यांना सोडताना रजेचे पैसे कमी मिळाले होते, ते त्यांच्या जुन्या बँक खात्यांवर पाठवले. एकाचं खातं बंद झालं होतं, रक्कम परत आली. गोदामातल्या कोणाकडे त्याचा नंबर आहे का, याची चौकशी आम्ही काम संपवून निघालो तेव्हाही चालू होती.